पुढच्या कप्प्यात ती, शेवटच्या रांगेत मी

ती हैदराबादला वारली. लेकीकडं चार दिवस राहून येऊ म्हणून आम्ही दोघं रेल्वेनं गेलो होतो. जाताना तिनं पिशवीत काय काय कोंबलं होतं, शेंगांची चटणी, हुरडा, लेकीला आवडतं म्हणून भोकराचं लोणचं. त्यातलं लोणचं अजून तिथंच लेकीच्या फडताळात असंल. तिसऱ्या दिवशी छातीत कळ आली. दवाखान्यात नेली, डॉक्टरांनी नळ्या लावल्या, आठवडाभर ती डोळे उघडून माझ्याकडं बघायची पण बोलायची नाही. आणि मग बघायचीही थांबली.

तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा, आणि त्याची बायको म्हसवडहून आधीच आले होते. मेव्हणा माझ्यावर राग धरून होता. बहिणीला एवढ्या लांब नेलीत कशाला, आपल्या सांगलीला काय दवाखाने नाहीत का, विश्रामबागेत पावलापावलाला डॉक्टर बसलाय, असं तो मला दवाखान्याच्या जिन्यावर बोलला होता. मी काय बोलणार? ती आजारी पडायच्या आधीच गेली होती, आजारी पडायला नव्हती गेली. 

आमचं गाव सांगलीच्या जवळ, कृष्णेच्या काठाला. पोरगा फौजेत, लय वर, बर्फातल्या पोस्टिंगला. आई गेली म्हटल्यावर तो तिकडनं निघाला. पुण्यापर्यंत विमान, पुढं गाडी. त्याचा एकच निरोप, आईला आज आणा, दिवस मावळायच्या आत, मी तोंड बघितल्याशिवाय काय करू नका. गावात भावकी जमलेली. वाड्यावस्तीवर कुणाच्या घरात चूल पेटलेली नाही. रस्त्यानं आणायचं म्हटलं तर सगळा दिवस जातो, रात्र पडते. जावयानं धावपळ करून सकाळच्या विमानात सोय केली. कोल्हापूरपर्यंत विमान, तिथनं गाडीनं गाव, दुपारपर्यंत पोचायचं. एवढंच आमच्या डोक्यात होतं. आज आणि दिवसाउजेडी.

दवाखान्यानं शरीर टिकवायचं औषध भरलं, दाखला दिला. पेटी मिळाली. आत पत्रा, बाहेर लाकूड, वरनं गोणपाट शिवलेलं. माल जातो त्या गेटावर पेटी काट्यावर चढवली. सव्वाशे किलो भरली. मी काट्याकडं बघत राहिलो. ती मुळातच बारीक, चाळीसाच्या आतबाहेर. बाकी सगळं लाकूड आणि पत्रा. तिथला माणूस जावयाला म्हणाला, पेटी पुढच्या कप्प्यात जाईल, पायलट बसतात त्याच्या मागं, मागचा दरवाजा अरुंद आहे, त्यातनं शिरत नाही. मेव्हण्यानं ते ऐकलं.

ऐकलं आणि त्यानं हट्ट धरला. पुढच्या कप्प्याला लागून भिंत आणि भिंतीला लागून पहिली रांग. तर आपण सगळे पहिल्या रांगांत बसायचं. मढं एकटं सोडत नाहीत, हे त्याचं म्हणणं. घरी असतं तर रात्रभर कुणीतरी उशाशी बसलं असतं, इथं निदान भिंतीपलीकडं तरी. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते त्याच्याहून जास्त पटलं. जावयानं खटपट करून आम्हा सगळ्यांना पुढच्या जागा घेतल्या, मी, लेक, जावई, मेव्हणा, त्याची बायको आणि हैदराबादेतच राहणारी तिची चुलत बहीण. मला अगदी पहिल्या रांगेत खिडकी. मी मनात म्हणालो, बरं झालं, भिंतीआड का होईना, तिच्याजवळ बसून येऊ.

विमानतळावर आत बसलो होतो. विमान काचेतनं दिसत होतं. मोठं नव्हतं, दोन बाजूंना दोन पंखे, चढायचा जिना मागच्या बाजूला, शेपटीजवळ. तेवढ्यात एक मुलगी आमची नावं विचारत आली. गळ्यात ओळखपत्र, हातात एक छापील कागद, त्याच्यावर पेन्सिलीच्या रेघा. जावयाशी हिंदीत बोलायला लागली. मी मधेच मराठीत काहीतरी म्हणालो, तर ती थांबली आणि मराठीत म्हणाली, "आजोबा, मी वाईची. नोकरीसाठी इथं आले."

वाईची म्हटल्यावर मला जरा धीर आला. तो धीर लय वेळ टिकला नाही. ती म्हणाली, तुमच्या सगळ्यांच्या जागा बदलाव्या लागतील. तुम्हाला मागं बसावं लागेल.

मेव्हणा म्हणाला, का? पैसे भरल्यात की.

ती भांडली नाही. तिचं काम म्हणजे विमानात काय किती वजनाचं आणि कुठं ठेवलंय ह्याचा हिशोब मांडायचा आणि पायलटच्या हातात द्यायचा. तो कागद पायलटनं मान्य करून सही केल्याशिवाय विमान हलत नाही. ती माझ्याशेजारी खुर्चीवर बसली आणि कागद मांडीवर ठेवून मला दाखवायला लागली. मला का दाखवला कुणास ठाऊक. बहुतेक मीच एकटा गप्प होतो म्हणून.

विमानाचे पुढून मागं चार भाग धरतात. प्रत्येक भागात किती माणसं, पुढच्या कप्प्यात किती, मागच्या कप्प्यात किती, पंखात तेल किती. आणि नुसतं किलो मोजून भागत नाही. ते वजन मधल्या जागेपासून किती लांब ठेवलंय त्यानं त्याला गुणायचं. तेच पोतं मधे ठेवलं तर जवळजवळ काही फरक नाही, पार टोकाला ठेवलं तर लय फरक. सगळं मिळून विमानाचा भार नेमका कुठं येतो ते एक टिंब निघतं. कागदावर दोन रेघा होत्या, पुढची आणि मागची. टिंब त्या दोघींच्या आत पडलं पाहिजे. आमचं टिंब पुढच्या रेघेच्या बाहेर पडलं होतं. थोडंसंच. करंगळीच्या नखाएवढं.

मी जन्मभर उसाची बैलगाडी हाकली. ट्रॅक्टर नंतर आले. ऊस भरताना मागं जास्त झाला की गाडी उलार होते, जू वर उचलतं, बैलाच्या गळ्याला फास बसतो. पुढं जास्त झाला की सगळं ओझं बैलांच्या मानेवर, मानेला गाठी येतात. तवा मी काय करायचो, वर बसलेलं माणूस मागं सरकवायचो. ती असली तर तिलाच म्हणायचो, जा गं, मागं जाऊन बस. ती मोळीवर बसून मागं मागं सरकायची आणि विचारायची, झालं का? तेवढ्यानं गाडी बरोबर व्हायची.

म्हणून मला वाटलं, मला कळतंय. मी म्हणालो, मग पोतीबिती मागं टाका. ती म्हणाली, सगळ्यांच्या बॅगा मागंच टाकल्यात. मी म्हणालो, दुसरं काही पुढं असेल ते काढा. ती म्हणाली, पार्सलची खोकी होती, ती आधीच उतरवली, उद्या जातील. मी म्हणालो, मग आम्ही मधल्या रांगेत बसतो. ती म्हणाली, "मधे बसून नाही भागत, आजोबा. अर्धं विमान रिकामं आहे आज. मागं वजनच नाही."

मग मी तिला विचारलं, थोडंसंच बाहेर आहे की, एवढ्यानं काय होतंय. गाडी तर ह्याच्याहून जास्त बिघडलेली हाकली मी.

ती म्हणाली, "गाडी बिघडली तर शेपूट नाहीतर जू जमिनीला टेकतं. हिला वर टेकायला काय आहे?"

 ती पुढं सांगत होती. नाक जड झालं की निघताना नाक लवकर उचलत नाही, पळायचा रस्ता संपत येतो. आणि उतरताना त्याहून वाईट, पायलटनं कितीही ओढलं तरी नाक वर येत नाही, पुढचं चाक आधी आपटतं. शिवाय वाटेत तेल जळतं, तसं टिंब सरकतं. म्हणून निघतानाचं टिंब नुसतं आत असून भागत नाही, उतरतानाचंही आत लागतं. रेघेला लागून नको, रेघेच्या आत पाहिजे. ह्यात थोडं चालतं असं काही नाही.

"आणि आम्ही मागं न्हाई बसलो तर?" मेव्हण्यानं विचारलं.

तिनं पेन्सिल कागदावर ठेवली. मग म्हणाली, मग पेटी उतरवावी लागेल. पुढच्या कप्प्यात तेवढंच राहिलंय. उद्याच्या विमानानं येईल.

लेक रडायला लागली. मेव्हण्याची बायको पदर तोंडाला लावून बसली. मी म्हणालो, मागं बसतो. सगळे मागं बसतो. कुठं बसायचं ते सांग. मेव्हणा उठून लांब काचेपाशी जाऊन उभा राहिला. त्याचं तोंड दुसरीकडं होतं, पण नको म्हणाला नाही. मुलीनं नवीन जागा लिहिल्या, तिथंच पेन्सिलीनं पुन्हा गुणाकार केले, टिंब खोडलं, दुसरं मांडलं. दोन रेघांच्या आत आलं. तिनं मला ते बोट ठेवून दाखवलं. मी मान हलवली.

आम्ही चालत विमानाकडं गेलो. पुढच्या बाजूला पेटी वर चढवत होते. आम्हाला मागच्या जिन्याकडं वळवलं, थांबू दिलं नाही. लोकांची रांग होती मागं. मी मान वळवून वळवून बघत होतो तर जिन्याच्या पायरीला ठेच लागली.

मला शेवटची रांग दिली होती. शेजारी लेक. पुढच्या दोन रांगांत बाकीचे. बाकीचं विमान विरळ होतं. दार लागलं. पट्टे बांधायला सांगितले. मी खिडकीतनं बाहेर बघत होतो, माझं लक्ष नव्हतं, तेवढ्यात मेव्हणा उठला. त्याच्यामागं त्याची बायको, तिच्यामागं ती चुलत बहीण. तिघं जाऊन सगळ्यात पुढं, भिंतीला लागून बसले. मेव्हण्यानं कपाळ भिंतीला टेकलं. त्याला वाटलं असणार, आता दार लागलंय, आता कोण उठवतंय. यष्टीत तसं होतं. कंडक्टरनं एकदा घंटी मारली की कोण कुठं बसलंय बघत नाही. आमच्या सगळ्यांचा जन्म यष्टीत गेला.

इथं मोजतात. विमानातली मुलगी प्रत्येक भागात माणसं मोजत गेली आणि आत पायलटला सांगून आली. ते त्याच्या कागदाशी जुळलं नाही. पंखे फिरायला सुरुवात व्हायची होती ती झालीच नाही. सगळे इकडंतिकडं बघायला लागले. एक कोटवाला माणूस घड्याळ बघून म्हणाला, काय चाललंय. मग मागचं दार परत उघडलं आणि वाईची मुलगी जिना चढून वर आली. धावत आली असणार, दम लागला होता.

ती पुढं गेली नाही. माझ्याजवळ वाकली. हळू बोलली, पण मला प्रत्येक शब्द ऐकू आला. कॅप्टनसाहेब म्हणतात, एकदा माणसं सांगितलेल्या जागी बसली नाहीत, तर पुन्हा वर गेल्यावर उठणार नाहीत ह्याचा भरवसा काय. पेटी उतरवून घ्या म्हणतात. मी पाच मिनिटं मागून घेतलीत. एवढंच माझ्या हातात होतं.

मी उठलो. त्या अरुंद बोळातनं दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांना धरत पुढं गेलो. ज्या भिंतीजवळ सकाळपासून मला जायचं होतं तिथं मी शेवटी पोचलो, आणि पोचलो ते दुसऱ्याला तिथनं उठवायला. मेव्हण्याचं कपाळ भिंतीलाच होतं.

"पाव्हणं, उठा."

"न्हाई उठत, दाजी. तुमी बसा मागं. मला हितंच ऱ्हाऊ द्या."

"तुमी न्हाई उठला तर तिला उतरवत्यात."

"उतरवू दे. मी बी उतरतो. मी थांबतो तिच्याजवळ, उद्या येऊ दोघं." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "न्हाईतरी तुमाला जायचीच घाई हाय. जितेपणी आणली हितवर, आता सोडून चालला."

विमानातली सगळी माणसं ऐकत होती. त्यातल्या अर्ध्यांना मराठी कळत नसेल, पण भांडण कळतं. मला रागही आला नाही. राग यायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा होतो. मी म्हणालो, "पाव्हणं, पोरगं निघालंय. बर्फातनं निघालंय. त्याला काय सांगू, तुझ्या मामानं खुर्ची सोडली न्हाई म्हणून आई ऱ्हायली?"

 त्याची बायको आधी उठली. ती मागं चालायला लागली. मग चुलत बहीण. मेव्हणा बसूनच राहिला. मी त्याच्या दंडाला धरलं. मी सत्तरी ओलांडलेला, तो माझ्याहून धडधाकट. मनात आणलं असतं तर त्यानं मला ढकलून दिलं असतं. त्यानं भिंतीवर एकदा हात फिरवला, गुरांच्या पाठीवर फिरवतात तसा, आणि उठला. माझ्या पुढं पुढं चालत मागं गेला. जाताना त्यानं एकदाही वळून बघितलं नाही. मी बघितलं. त्या भिंतीवर काहीच नव्हतं. एक बटन आणि कसलीतरी सूचना.

वाईच्या मुलीनं तिथंच उभं राहून आम्हाला मोजलं. मग आत जाऊन पायलटशी बोलली. लय वेळ बोलली असं मला वाटलं. तेवढ्या वेळात मी किती नवस बोललो सांगत नाही, कारण त्यातले बरेच खोटे होते, फेडायची ऐपत नाही. ती बाहेर आली तवा तिनं लांबनंच मान हलवली, हो म्हणून. ती जिना उतरून गेली. दार लागलं. पंखे फिरायला लागले.

विमान पळायला लागलं तवा मी पुढं त्या भिंतीकडंच बघत होतो. नाक उचललं. उचलल्याबरोबर मागं बसलेला मी खाली गेलो आणि ती वर गेली. बाकी सगळे डोळे मिटून देवाचं नाव घेत असतील, मी डोळे उघडे ठेवले. पट्ट्याची खूण विझल्यावर मी उठायला लागलो तर विमानातली मुलगी आली आणि हात जोडून म्हणाली, प्लीज, बसा. तिचं काय चुकलं. आमच्या घरच्यांनी एकदा नियम मोडला होता. आता आम्ही सगळेच तसले.

मग मी बसलो. लेक झोपली, माझ्या खांद्यावर डोकं टाकून. मेव्हणा पुढच्या रांगेत. त्याची मान दिसत होती, मानेवरची सुरकुती अगदी हिच्यासारखी.  एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. तिला घेऊन जायचं असेल तर माझी जागा तिच्यापासून जितकी लांब तितकी चांगली. असं गणित होतं. ते खरं होतं, त्यात कुणाचा दोष नव्हता, आणि त्याच्यापुढं माझं काही चालत नव्हतं.

कोल्हापूरला उतरलो. मी जागेवरच बसून राहिलो. म्हटलं, सगळे उतरू देत, मग मी पुढं जाऊन खिडकीतनं पेटी उतरताना बघीन. खाली पिवळं जाकीट घातलेला एक माणूस जिन्यापाशी आला आणि वर बघून म्हणाला, "काका, उतरा लवकर. मागं माणूस असताना पुढचं वजन काढत न्हाईत. सगळी उतरल्याशिवाय पुढचं दार उघडत न्हाई आमी."

मी एकट्यानं बसून काय विमान उलार होणार होतं? नसतंच झालं. पण त्याला तसं सांगितलेलं होतं आणि तो सगळ्यांना तसंच सांगत असणार. शेपटीखाली टेकू लावायला दुसरा एकजण वाकला होता. मी उतरलो. आम्हाला एका बाजूनं इमारतीत पाठवलं. पेटी दुसऱ्या बाजूनं, मालाच्या गेटानं येणार होती. त्या गेटाबाहेर उन्हात आम्ही उभे राहिलो. पोराचा फोन आला, तो सातारा सोडून पुढं आला होता. म्हणाला, आणलीत का? मी म्हणालो, आणली.

गेट उघडलं. चौघांनी पेटी गाडीत सरकवली. ड्रायव्हर म्हणाला, आजोबा, पुढं बसा माझ्याशेजारी, मागं पेट्रोलचा वास येतोय. मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुमी बसा मागं. मी बसतो पुढं." एवढंच म्हणाला आणि पुढं जाऊन बसला.

मागं पेटीच्या कडेला लोखंडी बाक होता. मी त्याच्यावर बसलो आणि पेटीवर हात ठेवला. तिच्या डोक्यावर ठेवावा असं वाटत होतं. पण वरनं सगळीकडनं सारखंच गोणपाट शिवलेलं. डोकं कुठल्या बाजूला हाय ते मला कळंना. मी ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, मला काय ठाऊक, त्यांनी सरकवली तशी आहे. गाडी निघाली. मी मधे कुठंतरी हात ठेवला आणि सांगली येईपर्यंत तिथंच ठेवला.